चिथावणीची व्याख्या आणि दोषाचे स्थलांतर : पीडित-केंद्री सिद्धांतांची चिकित्सा

गुन्हेशास्त्राच्या वर्गात ‘व्हिक्टिम प्रेसिपिटेशन’ ही संकल्पना शिकवली जाते तेव्हा मार्विन वुल्फगँग आणि मेनाकेम आमीर ही दोन नावे बहुधा एका दमात घेतली जातात. दोघांचे संशोधन फिलाडेल्फिया शहरातले, दोघांचा आधार पोलिसांच्या नोंदी आणि संज्ञाही एकच. परंतु त्या एकाच संज्ञेखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी मोजल्या गेल्या आहेत, हे सहसा लक्षात आणून दिले जात नाही.

वुल्फगँग यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १९४८ ते १९५२ या काळातील ५८८ मनुष्यवधांचा अभ्यास केला. मृत व्यक्तीनेच प्रथम शस्त्र उगारले असेल किंवा पहिला प्रहार केला असेल, तरच ते प्रकरण ‘पीडिताने ओढवलेले’ मानायचे, अशी त्यांची कसोटी होती. अशी १५० प्रकरणे, म्हणजे सुमारे २६ टक्के, त्यांना आढळली. ही कसोटी एका बाह्य कृतीवर आधारलेली आहे. पहिला हात कोणी उचलला, या प्रश्नाला निदान तत्त्वतः पुरावा देता येतो. फौजदारी कायद्यातील ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ या बचावाशीही तिचे नाते आहे. तरीही येथे एक उणीव राहतेच. मेलेला माणूस साक्ष देत नाही. पोलिसांच्या कागदात उतरलेला घटनाक्रम पुष्कळदा जिवंत राहिलेल्याने सांगितलेला असतो.

वुल्फगँग यांचे शिष्य आमीर यांनी १९७१ मध्ये हीच संज्ञा बलात्काराला लावली. १९५८ आणि १९६० या वर्षांतील ६४६ प्रकरणांपैकी १२२, म्हणजे १९ टक्के, त्यांनी या वर्गात घातली. मात्र येथे कसोटी पार बदलली. स्त्रीने संमती दिली होती किंवा दिली असे ‘समजले गेले’ आणि नंतर ती मागे घेतली. अथवा तिने पुरेसा जोरदार विरोध केला नाही. अथवा तिची भाषा वा हावभाव आमंत्रणासारखे वाटले. यांपैकी काहीही पुरेसे होते.

‘समजले गेले’ या शब्दांतच सारी गोम आहे. समजले कोणी? ज्याने अत्याचार केला त्याने. वुल्फगँग यांच्या कसोटीत पीडिताची कृती मोजली जात होती; आमीर यांच्या कसोटीत आरोपीच्या मनातील समज मोजली गेली आणि ती पीडितेच्या नावावर जमा झाली. शिवाय पहिला प्रहार हा स्वतःच एक हल्ला असतो. संमती मागे घेणे हा मात्र हक्क आहे. कुर्ट वाइस आणि सँड्रा बोर्जेस यांनी १९७३ मध्ये या मांडणीवर कठोर टीका केली. पुढे लिन कर्टिस यांनी १७ अमेरिकन शहरांतील प्रकरणांना काहीशी आवळलेली व्याख्या लावली, तेव्हा प्रमाण ४.४ टक्क्यांवर आले. आकड्याने वास्तवापेक्षा व्याख्येचेच दर्शन अधिक घडवले, असे म्हणावे लागते.

हा दोष केवळ ग्रंथापुरता राहत नाही. १९७२ साली महाराष्ट्रातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, यावरून संमतीचा निष्कर्ष काढला गेला. ‘पुरेसा विरोध नाही’ ही आमीर यांची कसोटी न्यायालयाने वाचली नव्हती. पण तर्काची चाल तीच होती. पोलीस ठाण्यात, रात्री, वर्दीतल्या माणसांपुढे विरोध म्हणजे काय, हा प्रश्न बाजूला पडला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढे झालेल्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतील बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे.

हिंडेलँग, गॉटफ्रेडसन आणि गारोफालो यांचा १९७८ चा जीवनशैली-संपर्क सिद्धांत तुलनेने निर्दोष दिसतो. कामाच्या वेळा, फावला वेळ आणि सहवास यांनुसार माणूस धोक्याच्या ठिकाणी कमीअधिक येतो, एवढेच तो सांगतो. रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेला लुटले जाण्याचा संभव अधिक, हे विधान बसफेऱ्या आणि रस्त्यावरील दिवे यांच्या नियोजनाला उपयोगी पडते. ‘मग ती रात्री बाहेर का पडली?’ असा प्रश्न आला की संभाव्यतेचे विधान दोषाचे होते. रात्रपाळी तिने निवडलेली नसते, हे सिद्धांतकारांनीही मानले होते; भूमिकेच्या अपेक्षा आणि समाजरचनेची बंधने त्यांनी जीवनशैलीच्या मुळाशी ठेवली होती. पाठ्यपुस्तकांच्या सारांशांतून नेमका हाच भाग गळतो. घरातच मार खाणाऱ्या स्त्रीबाबत तर हा सिद्धांत तोकडाच पडतो, कारण तिच्यासाठी धोक्याचे ठिकाण घरच असते.

म्हणून या सिद्धांतांचे कोणतेही विधान तपासताना दोन प्रश्न पुरेसे ठरतात. मोजलेली गोष्ट पीडिताची कृती आहे, की दुसऱ्याने तिचा लावलेला अर्थ? आणि विधान धोका कोठे आहे हे सांगते, की जबाबदार कोण हे? पहिल्याचे उत्तर ‘अर्थ’ आणि दुसऱ्याचे ‘जबाबदार’ असे आले, तर समोर शास्त्र नसून आरोपीचा बचाव आकड्यांत मांडलेला आहे, असे समजावे.