उसने डोळे: एका ग्रुप फोटोची चिकित्सा

पडद्यावरचा फोटो आधी नीट बघून घ्या, कारण आजचं सगळं बोलणं याच एका फोटोवर आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं आवार. 4 मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. सुरक्षेची शपथ झाली आणि 31 माणसं तीन ओळींत फोटोला उभी राहिली. पुढे खुर्च्यांवर साहेब मंडळी, मधे सुपरवायझर आणि कायम कामगार, मागे बाकांवर चढलेली कंत्राटी मुलं. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, तोंडं पूर्वेला, आणि मार्चमधलं सोलापूरचं साडेदहाचं ऊन समोरून. फोटोग्राफरने पाच फ्रेम काढल्या. त्यातल्या दोन नंबरच्या फ्रेमवर इतर फ्रेममधले डोळे बसवून हा फोटो तयार झाला आणि फ्रेम करून ऑफिसात लागला. कारखान्याचं नाव आम्ही सांगणार नाही. फोटो दाखवायची परवानगी त्याच अटीवर मिळाली आहे.

आधी एक हिशोब करू. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी 2006 मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवला होता: ग्रुप फोटोत एकाचेही डोळे मिटलेले नसावेत तर किती फोटो काढायचे? त्याबद्दल त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. फोटोला उभा असलेला माणूस मिनिटाला साधारण दहा वेळा पापणी मिटतो आणि प्रत्येक वेळी पाव सेकंदभर डोळा बंद असतो, असं धरा. म्हणजे कुठल्याही क्षणी एका माणसाचा डोळा मिटलेला असण्याची शक्यता शेकडा चार. चार म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण 31 माणसं एकदम डोळे उघडे ठेवून सापडण्याची शक्यता त्यामुळे जेमतेम चारात एक उरते. निर्दोष फोटोची जवळजवळ खात्री हवी असेल तर पंधराएक फ्रेम लागतात. समोर ऊन असेल तर आणखी, कारण उन्हात माणूस जास्त वेळा पापण्या मिटतो.

आपल्या फोटोग्राफरने पाचच काढल्या म्हणून तो चुकला का? नाही. कारण एकच फ्रेम निर्दोष मिळावी असा हट्ट सोडला की गणित पालटतं. आता प्रत्येक माणूस पाचांपैकी कुठल्या तरी एका फ्रेममध्ये डोळे उघडे ठेवून सापडला की काम झालं, आणि ते जवळजवळ नक्की सापडतं. अट एकच: फ्रेममध्ये अंतर हवं. बटण दाबून धरून सेकंदाला दहा फोटो काढले तर पाव सेकंदाची एकच उघडझाप दोन-तीन फ्रेम खाऊन टाकते. पाच फोटो हातात, पण खरं तर एकच. उलट अंतर फार ठेवलं तर माणसं हलतात, कोणी मान वळवतं, कोणी शेजाऱ्याशी बोलतं. सेकंद-दीड सेकंदाचं अंतर त्यातल्या त्यात बरं.

आता काम कसं करतात ते बघू. ज्या फ्रेममध्ये सर्वांत जास्त माणसं ठीक आहेत ती मुख्य धरायची. दुसरी फ्रेम तिच्यावर थर म्हणून ठेवायची आणि फोटोशॉपमध्ये Auto-Align Layers चालवायचं, म्हणजे कॅमेरा किंचित हलला असेल तर मागची भिंत आणि शेड एकमेकांवर बसतात. माणसं मात्र बसत नाहीत, कारण ती स्वतः हललेली असतात. म्हणून वरचा थर अर्धा पारदर्शक करायचा आणि ज्याचे डोळे बदलायचे त्याची नाकाची दांडी व डोळ्यांचे बाहेरचे कोपरे हाताने जुळवायचे. मग मास्क लावून, मऊ कडेच्या ब्रशने, भुवईच्या वरपासून गालाच्या हाडापर्यंतचा भाग तेवढा उघडा करायचा. भुवई सोडून नुसता डोळा घेऊ नका. पापणी मिटताना भुवईही थोडी खाली येते, आणि मिटलेल्या डोळ्याच्या भुवईखाली उघडा डोळा बसला की चेहऱ्यावर उगाच राग दिसायला लागतो.

हे सगळं आता यंत्र परस्पर करतं, हे आम्हाला माहीत आहे. ब्लॅकबेरीच्या फोनमध्ये 2013 साली चेहरा पुढेमागे सरकवायची सोय होती, फोटोशॉप एलिमेंट्सच्या 2018 च्या आवृत्तीत Open Closed Eyes आलं, आणि 2023 मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनवर Best Take. पण डोळा कुठला निवडायचा हे शेवटी माणूसच ठरवतो, आणि आमची तक्रार तिथेच आहे.

मधल्या ओळीत डावीकडून चौथा माणूस बघा. मूळ फ्रेममध्ये त्याने मान किंचित खाली घातली होती. हेल्मेटच्या पुढच्या कडेची सावली त्याच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत आली आहे. डोळे घेतले चौथ्या फ्रेममधून, जिथे त्याची मान वर आहे आणि डोळ्यांवर सरळ ऊन. परिणाम काय? नाक सावलीत आणि त्याच्या वर डोळे उन्हात. सूर्य असं कधी करत नाही. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण त्या चेहऱ्यावर नजर अडकते. कर्व्ह्ज वापरून डोळ्यांचा भाग काळसर केला असता तरी ते पूर्ण जुळलं नसतं, कारण बुबुळातला उन्हाचा चमकता ठिपका तसाच राहिला असता. शेजाऱ्यांच्या बुबुळांत हेल्मेटच्या सावलीमुळे तो ठिपका नाही. याला उपाय एकच होता, हेल्मेटसकट आख्खं डोकं बदलायचं. मागे नुसती भिंत होती, ते सहज जमलं असतं.

दुसरं उदाहरण पुढच्या ओळीतल्या साहेबांचं. ते मनापासून हसताहेत. खरं हसू आलं की गाल वर चढतात आणि डोळे बारीक होतात. फोटोग्राफरला त्यांचे डोळे मिटल्यासारखे वाटले, म्हणून त्याने पहिल्या फ्रेममधले, हसू यायच्या आधीचे, टपोरे डोळे आणून बसवले. खाली हसू, वर आश्चर्य. वास्तविक त्यांचे डोळे मिटलेले नव्हतेच. बारीक डोळा आणि मिटलेला डोळा यांतला फरक मोठा करून बघितल्यावर कळतो: बुबुळाची काळी कड दिसते की नाही, एवढंच बघायचं. दिसत असेल तर हात लावू नये.

इथे एक आक्षेप येईल की हे सगळं मुळात खोटंच नाही का? आमचं मत असं की आठवणीच्या फोटोत हे चालावं. डोळे त्याच माणसाचे, क्षण दोन-चार सेकंदांनी वेगळा. वृत्तसंस्था मात्र हे चालवून घेत नाहीत. मार्च 2024 मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने मुलांसोबतचा एक फोटो दिला, त्यात मुलीच्या बाहीची कड जुळत नव्हती, आणि एपी, रॉयटर्स, एएफपीने तो मागे घेतला. सुरक्षा दिनाचा फोटो भिंतीवर लागला तर आठवण आहे. कोण हजर होतं याचा पुरावा म्हणून फाइलला लागला तर मूळ पाचही फ्रेम सोबत ठेवायला हव्यात.

आता शेवटची ओळ. या फोटोत एकूण सहा जणांचे डोळे बदललेत. चार पुढच्या ओळीत, दोन मधल्या. मागच्या ओळीत उजवीकडून दुसरा आणि पाचवा, दोन कंत्राटी मुलं, अजून डोळे मिटूनच उभी आहेत. आम्ही पाचही फ्रेम मागवून तपासल्या. तीन नंबरच्या फ्रेममध्ये दोघांचेही डोळे स्वच्छ उघडे आहेत, मान तशीच, सावली तशीच. सहापैकी एकही जोडणी इतकी सोपी नव्हती. दोघांचं मिळून दहा मिनिटांचं काम होतं.