‘काकांना कॉम्प्युटर येत नाही’: फील्डनोटमधल्या एका वाक्याची उलटतपासणी

मागच्या वर्षी बिलोलीतल्या एका कार्यालयात मी निरीक्षणाला बसत होतो. तिसऱ्या दिवशीच्या वहीत माझं वाक्य आहे: ‘काका (वरिष्ठ लिपिक) एका बोटाने टाईप करतात. कॉम्प्युटर येत नाही. बाकीचे हसतात.’ गाईडनी त्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘हे निरीक्षण आहे की तूही हसलास?’

खरं सांगायचं तर हसलो होतो. शेजारच्या टेबलावरचा ऑपरेटर म्हणाला, “काका, अर्ज टाईप करायलात का शिलालेख कोरायलात?” आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो. मग ती थट्टाच माझ्या वहीत ‘डेटा’ म्हणून उतरली. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे नीट बघावं म्हणून आज माझ्याच वाक्याची चिरफाड करतोय.

आधी एक जाहीर उदाहरण. ऑक्टोबर 2016 मध्ये पुण्यातल्या एका सरकारी बँकेच्या महिला कॅशिअरचा व्हिडिओ फेसबुकवर फिरला होता. त्या संथपणे काम करताहेत, कोणीतरी समोरून मोबाईलने टिपलंय आणि वर उपरोधाने लिहिलंय की या जगातल्या सगळ्यात वेगवान कॅशिअर. लाखो लोक हसले. थोड्याच दिवसांत उलटी लाट आली. बाई मोठ्या आजारपणातून उठून परत कामावर आल्या आहेत, काही महिन्यांत निवृत्त होणार आहेत आणि ग्राहकांचा खोळंबा होऊ नये म्हणून बँकेने त्यांच्यासाठी जादा काउंटर दिलाय, असं बातम्यांत आलं. हसणारे हळहळले, काहींनी माफी मागितली. (त्यांचं नाव शोधलं की लगेच सापडतं. इथे मी ते मुद्दाम लिहीत नाही, कारण व्हिडिओ काढताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं.)

ही दुसरी लाट सगळ्यांना चांगली वाटते, पण मला अभ्यासक म्हणून ती तितकीच खटकते. त्या बचावाचा अर्थ असा होतो की बाई आजारी होत्या म्हणून संथपणा माफ. म्हणजे धडधाकट असत्या, फक्त वय झालेलं असतं, तर हसणं बरोबर होतं? थट्टेच्या जागी दया आली, पण दोन्हींत प्रश्न बाईंच्या शरीराचाच राहिला. त्या पडद्यावर नेमकं काय चाललं होतं, हे हसणाऱ्यांनीही विचारलं नाही आणि रडणाऱ्यांनीही नाही. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ तयारच असते, त्यामुळे विचारायची गरजच वाटत नाही. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1969 मध्ये ‘एजिझम’ हा शब्द वापरला तो अशाच आयत्या उत्तरांसाठी. मी मराठीत ‘वयभेद’ म्हणतो.

आता बिलोलीचा पडदा बघू. चौथ्या दिवशी मी काकांच्या मागे खुर्ची ओढली आणि ते कोणत्या अक्षरावर अडतात तेवढंच टिपायचं ठरवलं. अडचण सापडली ती ‘बिलोली’ याच शब्दात!

काका मराठी टाईपरायटरवर शिकलेले. त्या यंत्रावर कागद एकाच दिशेने सरकतो, म्हणून जे डावीकडे दिसतं ते आधी मारायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून आधी वेलांटी, मग ब. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हाही कार्यालयातल्या जुन्या फाँटमध्ये हाच क्रम चालायचा, कारण ते फाँट अक्षरांची चित्रं शेजारीशेजारी मांडत. नव्या प्रणालीला मात्र युनिकोड लागतं. त्यात उच्चाराचा क्रम असतो: आधी ब, मग वेलांटी. शिवाय तिथे इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे अक्षरांच्या जागाही बदललेल्या.

```
टाईपरायटरचा क्रम :  ि  ब  ल  ो  ल  ी
युनिकोडचा क्रम   :  ब  ि  ल  ो  ल  ी
```

काकांचा हात वेलांटीवर आधी जातो. तिला बसायला अक्षर नसतं, म्हणून पडद्यावर ठिपक्यांचं गोल वर्तुळ उमटतं. काका ते खोडतात, परत तेच करतात, परत गोल. पोरं ज्याला हसत होती ते हे ‘गोल’. शब्दाच्या मध्ये वेलांटी आली की जास्त घोळ होतो, कारण ती आधीच्या अक्षराला चिकटते. ‘कपिल’चा ‘किपल’ होतो. तिथे वर्तुळही येत नाही, नुसतं अशुद्धलेखन दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की माणसाला लिहिताच येत नाही. अशी चूक पुन्हापुन्हा फक्त पहिल्या वेलांटीलाच होत असेल, दुसऱ्या वेलांटीला किंवा मात्रेला नाही, तर समजायचं की ते अज्ञान नाही, जुनी सवय आहे.

आणि एक बोट? जागा बदलल्यामुळे काका दहा बोटांची सवय दाबून ठेवत होते. मी त्यांना जुन्या फाँटमध्ये एक परिच्छेद टाईप करायला दिला. खाली न बघता, दोन्ही हातांनी, माझ्यापेक्षा लवकर संपवला. नंतर टिमथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाचा 1984 चा निबंध वाचला. 19 ते 72 वर्षांच्या टायपिस्टांवर त्यांनी प्रयोग केले होते. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेग कमी होतो हे त्यांना दिसलं, पण टायपिंगचा वेग तसा घसरत नव्हता. अनुभवी वयस्क टायपिस्ट मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होते. आता क्रमच बदलला तर या पुढे वाचण्याचा फायदा उरत नाही, उलट हात चुकीच्या दिशेने आधीच निघालेला असतो, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, सॉल्टहाउस यांनी हे तपासलेलं नाही.

मग वाक्य कसं लिहायचं? माझा दुसरा खर्डा असा: ‘टाईपरायटरच्या क्रमात तयार झालेले लिपिक नव्या प्रणालीत पहिली वेलांटी आधी मारतात. चूक झाली की सहकारी मोठ्याने बोलतात, ते थांबतात, मग एका बोटाने लिहितात. प्रशिक्षणात कीबोर्डचा विषय नव्हता, असे ते सांगतात. रेमिंग्टन पद्धतीने युनिकोड टंकन करू देणारा कीबोर्ड मिळतो, पण या संगणकावर तो नाही.’ यात ‘येत नाही’ हा निकाल गेला आणि त्या जागी अडण्याची पायरी आली. हसणारेही कर्ते म्हणून वाक्यात आले. पहिल्या नोंदीत ते शेपटासारखे शेवटी होते.

याचा उलटा धोकाही आहे. काकांना संत करून टाकायचा मोह होतो. त्याच दिवशी बाकावर एक आजी सकाळपासून दाखल्यासाठी बसल्या होत्या, आणि उशीर काकांच्या टेबलावरच होत होता. तोही लिहावा लागतो. शिवाय काही गोष्टी त्यांना खरंच येत नव्हत्या. पासवर्ड संपला की ते सरळ ऑपरेटरला हाक मारायचे, शिकायचा कंटाळा करायचे. त्याला वेलांटीचं कारण लावलं तर ती माझी लबाडी.

आणखी एक गोष्ट. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात नाव काढून काही उपयोग होत नाही. ‘वरिष्ठ लिपिक, जुने टायपिस्ट’ एवढ्यावरून चहावालाही ओळखेल. म्हणून त्यांची परवानगी घेतली आणि इथले काही तपशील बदललेत. मसुदा त्यांना वाचून दाखवला तेव्हा एकाच शब्दावर हरकत आली. मी ‘वयस्क’ लिहिलं होतं. म्हणाले, “रिटायरमेंटला वेळ हाय अजून. नुसतं ‘लिपिक’ लिवा की.” वर ‘वरिष्ठ’ राहिलंय ते फक्त माझ्या पहिल्या नोंदीत आणि तिच्याबद्दल बोलताना. दुसऱ्या खर्ड्यात नाही.