सत्तेचाळीस तासांचं अंदाजपत्रक

हे दीड पानाचं अंदाजपत्रक पनवेलच्या एका अनुवादिकेने योग्यकार्ताच्या एका संशोधकाला पाठवलं होतं. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या या बाई इंदोनेशियन भाषेतून इंग्रजीत अनुवाद करतात. दोघांची नावं गाळून त्यांनी ते मला वाचायला दिलं. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर कांदळवनांच्या मध्ये मासे आणि कोळंबीची तळी असतात. त्यांच्यावरच्या प्रबंधातून लेखकाने एक शोधनिबंध काढला होता. तो इंग्रजीत न्यायचा आणि नियतकालिकाकडे पाठवता येईल इतका संपादितही करायचा, एवढी मागणी. अनुवाद आणि संपादन एकत्र मागितलं, की दर सांगताना भलेभले चुकतात. हे अंदाजपत्रक मला आवडलं ते त्यातल्या कामाच्या क्रमामुळे. तो क्रम पुढे येईलच, पण त्याआधीच्या ओळीही सावकाश वाचण्यासारख्या आहेत.

पहिली ओळ मोजमापाची. संशोधकाने पत्रात लिहिलं होतं, ‘३४ पानं’. इंदोनेशियात अनुवादाचा भाव बऱ्याचदा पानावर ठरतो, आणि तोही तयार झालेल्या अनुवादाच्या पानावर. तिथे याला ‘हालामान जादी’ म्हणतात. आपल्याकडचे अनुवादक मूळ मजकुराच्या शब्दांवर बोलतात. हा फरक न बोलता तसाच सोडला, तर शेवटी बिलावरून वाद ठरलेला, कारण इंदोनेशियनमधून इंग्रजीत येताना शब्द वाढतात. मुळात ‘द’ किंवा ‘अ’ यांसारखी उपपदं नसतात, आणि ‘त्याचं पुस्तक’ हे एका शब्दात, शेवटी ‘न्या’ जोडून होतं. म्हणून बाईंनी पानांचा आकडा बाजूला ठेवला आणि फाइल मोजली. वर्डने ९,४०० शब्द दाखवले. त्यातले १,९०० ‘दाफ्तार पुस्ताका’चे, म्हणजे संदर्भसूचीचे. त्यांचा अनुवाद करायचा नसतो, फक्त मांडणी तपासायची असते. उरले ७,५००. मग त्यांनी प्रत्येक पान डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा चार कोष्टकं चित्र म्हणून चिकटवलेली सापडली. वर्डच्या मोजणीत चित्रातले शब्द येतच नाहीत. ते सुमारे ६०० भरले. खरं काम ८,१०० शब्दांचं. ही सगळी वजाबाकी-बेरीज त्यांनी ग्राहकाला उघड दाखवली आहे. आकड्याबद्दल विश्वास तिथेच तयार होतो.

दुसरी ओळ वेगाची. पुष्कळ अनुवादक इथे ‘दिवसाला दोन हजार शब्द’ असं सरसकट धरून मोकळे होतात. बाईंनी निबंधाच्या वेगवेगळ्या भागांतले उतारे घेऊन घड्याळ लावून अनुवाद करून पाहिले. प्रस्तावना आणि पूर्वसंशोधनाचा आढावा तासाला ३०० शब्दांनी गेला, पद्धतीचा भाग ३५० ने, निष्कर्षांची कोष्टकं आणि त्यांवरचं विवेचन ३२० च्या आसपास, पण चर्चेचा भाग फक्त २०० ने. त्यांनी कारणही एका वाक्यात दिलं आहे. इंदोनेशियन क्रियापदात काळ नसतो. ‘दिलाकुकान’ म्हणजे केलं गेलं, केलं जातं, किंवा केलं जाणार. शिवाय ‘दि’ने सुरू होणाऱ्या अशा कर्मणी रचनेत कर्ता सांगायची सक्ती नसते. पद्धतीच्या भागात हे निभावतं, कारण तिथे सगळं झालेलंच असतं. (तरी मूळ संशोधन-प्रस्तावातून उचललेला एखादा ‘आकान’, म्हणजे भविष्यकाळ, तिथे राहून गेलेला असतो. तो ओळखून काढावा लागतो.) चर्चेत मात्र हा दावा लेखकाचा की आधीच्या एखाद्या संशोधकाचा, निरीक्षण एकदाच झालेलं की नेहमीचं, हे प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. इंग्रजी वाक्य ते ठरवल्याशिवाय पूर्णच होत नाही. वेळ जातो तो शब्द शोधण्यात कमी आणि या निवाड्यांत जास्त. म्हणून हा भाग वेगळ्या वेगाने मोजणं मला फार रास्त वाटतं.

याच परिच्छेदात एक अर्धं वाक्य आहे, ‘विषयाच्या परिभाषेसाठी जादा वेळ धरलेला नाही’. रायगडचा वाचक इथे थबकेल. तळ्यांचे बांध, भरतीचं पाणी आत घेणारं आणि ओहोटीला सोडणारं दार, खारं आणि गोडं पाणी यांचं मिश्रण, हे सगळं पनवेलच्या खाडीकाठी खारभूमीत बघितलेल्या माणसाला नवीन नाही. तिथली ‘ताम्बाक’ तळी समजायला आपली उघाडी पाहिलेली असणं पुरतं. या ओळखीने वाचलेला वेळ त्यांनी ग्राहकाकडून घेतला नाही. संख्याशास्त्रासाठी मात्र वेळ धरला.

आता संपादन. ज्या नियतकालिकाला निबंध जायचा होता त्याची मर्यादा संदर्भ वगळून ७,००० इंग्रजी शब्दांची. ८,१०० इंदोनेशियन शब्दांचे इंग्रजीत साधारण ९,५०० होतील. म्हणजे कुठेतरी अडीच हजार शब्द जाणार. नेहमीची रीत अशी की आधी सगळं अनुवादित करायचं, मग छाटायचं. बाईंनी दोन्ही वाटा मांडून त्यांचे तास शेजारी-शेजारी लिहिले आहेत.

पहिल्या वाटेत अनुवादाचे ३० तास, मूळ आणि इंग्रजी समोरासमोर ठेवून तपासायला १०, दुसऱ्या संपादकाच्या वाचनाला ६, इंग्रजीत छाटणीला ७, आणि लेखकाशी शंकासमाधान, संदर्भसूची, शेवटची दुरुस्ती मिळून ८. एकूण ६१ तास. दुसऱ्या वाटेत इंदोनेशियन मजकूरच लेखकाच्या संमतीने आधी छाटायचा. आढाव्याचे १,४०० शब्द, कारण प्रबंधात प्रत्येक संकल्पनेची व्याख्या पाठ्यपुस्तकातून द्यावी लागते आणि निबंधाला तिची गरज नसते. चर्चेतले ७००, कारण तिथे कोष्टकातले आकडे पुन्हा शब्दांत सांगितलेले असतात. या छाटणीला ५ तास. मग उरलेल्या ६,००० शब्दांचा अनुवाद २२ तासांत, तपासणी साडेसात, दुसरा संपादक साडेचार, आणि शेवटचे तेच ८. एकूण ४७.

या अंदाजपत्रकाचा सगळा जीव इथे आहे. वाचलेल्या चौदा तासांपैकी आठ तास एकट्या अनुवादाचे आहेत. टाकून द्यायच्या शब्दांचे काळ-कर्ते आधी ठरवायचे आणि मग ते पुसायचे, ही मेहनत दुसऱ्या वाटेत होतच नाही. छाटणीही मुळात सोपी जाते, कारण लेखक आपल्या भाषेत काय गेलं ते लगेच पाहू शकतो. इंग्रजीत छाटलं तर त्याला पुन्हा पटवावं लागतं. संपादन अनुवादाच्या मागे न ठेवता पुढे आणल्याने वेळ कमी झाला, ग्राहकाचे पैसे वाचले आणि बाईंचं उत्पन्न घटलं. तासाला ८०० रुपयांनी पहिली वाट ४८,८०० ची होती, दुसरी ३७,६०० ची. त्यांनी दुसरीच सुचवली. छाटणीत विषयाचा निर्णय असतो, म्हणून लेखकाची लेखी संमती आल्याशिवाय अनुवादाला हात लावणार नाही, हेही नोंदवलं.

दुसरा संपादक कशाला, हा प्रश्न ग्राहक नेहमी विचारतो. २०१५ मध्ये आलेल्या आयएसओ १७१०० या अनुवाद-सेवांच्या मानकात तपासणी अनुवादकाहून दुसऱ्या व्यक्तीने करायची अट आहे. बाईंनी मानकाचा उल्लेख टाळून काम कसं वाटलं आहे ते सांगितलं. मूळ समोर ठेवून तपासणी त्या स्वतः एक दिवसाच्या अंतराने करणार. दुसरा वाचक इंदोनेशियन न पाहता फक्त इंग्रजी वाचणार. हे मानकाहून कमी आहे, आणि मला ते थोडं खटकलं. इंदोनेशियन जाणणारा दुसरा संपादक महाराष्ट्रात शोधणं अवघड असणार, तरी निदान चर्चेचा भाग तशा माणसाला दाखवायला हवा होता. मात्र कुणी काय तपासलं हे लपवलेलं नाही.

आकड्यांबद्दलची ओळ फार नेमकी आहे. इंदोनेशियात दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला बिंदू लावतात, म्हणजे आपण लिहितो त्याच्या उलट. १,२५० चं तिथे 1.250 होतं, आणि कोष्टकात एक जरी असं राहिलं तर बाराशे पन्नास किलो कोळंबीचं इंग्रजी वाचकासाठी सव्वा किलो होतं. प्रत्येक कोष्टक दोनदा पाहायला बाईंनी तासभर धरला आहे. मात्र संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने छापलेला 0,000 हा पी-मूल्याचा आकडा त्या स्वतः बदलणार नाहीत. तो शून्य नसतो, फक्त ०.००१ पेक्षा लहान असतो, आणि नियतकालिकं तो ‘०.००१ पेक्षा लहान’ असाच लिहायला सांगतात. तिथे त्या शेऱ्यात विचारतील. आकडा आणि निष्कर्ष लेखकाचे, भाषा आणि मांडणी आपली, ही सीमा दराच्या कागदावर लिहिलेली मी क्वचितच पाहिली आहे.

आता दिवस. ४७ तास म्हणजे सहा दिवस नव्हेत. अशा मजकुरावर दिवसाला पाच तासांहून जास्त नेटकं काम होत नाही. अनुवादाला पाच दिवस, छाटणीला एक, लेखकाच्या दोन उत्तरांसाठी तीन-तीन, तपासणीला दोन, मध्ये एक रिकामा, दुसऱ्या संपादकाला दोन, शेवटी एक. झाले १८, आणि मार्गदर्शकाची सही मिळेपर्यंत तीन मोकळे धरून २१. जकार्ता पनवेलपेक्षा दीड तास पुढे आहे. शेवटची तारीख तिथल्या मध्यरात्रीची असेल तर आपल्याकडे रात्री साडेदहालाच काम संपलेलं हवं, हेही कागदावर आहे. ईदच्या सुट्टीत, लेबारानमध्ये, विद्यापीठातून उत्तर येणार नाही आणि गणपतीच्या पाच दिवसांत त्यांच्याकडूनही नाही, एवढं एका ओळीत स्पष्ट केलं आहे.

आणखी एक अट मला मनापासून पटली. पहिले १,५०० शब्द झाले की बाई प्रत्यक्ष तास कळवतील. अंदाजापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त लागत असतील तर तिथेच थांबून पुन्हा बोलतील. अंदाज चुकला हे काम संपल्यावर कळलं तर दोघांनाही करण्यासारखं काही उरत नाही. दीड हजार शब्दांनंतर कळलं तर अजून तीन-चतुर्थांश काम बाकी असतं आणि लेखकाला आणखी छाटायचं की जास्त पैसे द्यायचे, हे ठरवता येतं.

मोबदल्याची मांडणीही साधी आहे. निम्मी रक्कम, १८,८०० रुपये, काम सुरू होण्याआधी. बँकेचा आणि चलनबदलाचा खर्च ग्राहकाकडे. तासाचा दर पंधरा दिवसांपुरता. संशोधकाला पानांचा हिशेब लागेल म्हणून २५० शब्दांचं एक पान धरून तयार पानांची संख्याही दिली आहे: ७,००० शब्दांची २८ पानं, दर पानाला सुमारे १,३४३ रुपये. आपल्या हिशेबातून त्याच्या हिशेबात येण्याची ही वाट ग्राहकासाठी मोठी सोय आहे.

एक जागा मात्र अपुरी वाटली. नियतकालिकाच्या परीक्षकांचे आक्षेप आले तर ‘तासाच्या दराने, वेगळे’ एवढंच लिहिलं आहे. विद्यार्थ्याला किंवा तरुण प्राध्यापकाला ही ओळ अमर्याद वाटते. परीक्षक भाषेबद्दल बोलले तर ती दुरुस्ती याच रकमेत, नव्या मजकुराच्या अनुवादाला पाच तासांपर्यंतची ठरलेली रक्कम, त्यापुढे तासाने, असं तीन पायऱ्यांत लिहिलं असतं तर संशोधकाला आपला एकूण खर्च पहिल्याच दिवशी कळला असता. मी बाईंना हे सांगितलं. पुढच्या अंदाजपत्रकात त्या पाच तासांऐवजी चार लिहिणार आहेत.