खरा गुरू ओळखायचा कसा? बहिणाबाईंचे अभंग ‘पुरावा’ म्हणून वाचताना

संतसाहित्यावर संशोधन करू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या आराखड्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘भारतीय परंपरेत गुरूला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ माझ्याही पहिल्या आराखड्यात ते होतं. समितीतल्या एका सरांनी त्याच्याखाली रेघ मारून विचारलं, ‘महत्त्व आहे हे मान्य. पण समोरचा माणूस गुरू आहे हे शिष्याला कळतं कसं?’ मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन बहिणाबाई पुन्हा वाचायला घेतली. (शिऊरची संत बहिणाबाई, 1628 ते 1700. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. हा घोळ परीक्षेतही होतो, म्हणून आधीच सांगून टाकते.)

मुळात हा प्रश्न अवघड का आहे ते बघू. मुंडकोपनिषद सांगतं की ज्ञान हवं असेल तर हातात समिधा घेऊन अशा गुरूकडे जा, जो श्रोत्रिय आहे आणि ब्रह्मनिष्ठही आहे. यातली पहिली अट बाहेरून तपासता येते. माणसाला वेद येतात की नाही, तो कुणाकडे शिकला, हे चार लोकांना विचारलं तरी कळतं. दुसरी अट मात्र आतली आहे. समोरचा ब्रह्मात स्थिर आहे की नाही हे तिथे पोचलेल्यालाच कळणार, आणि जो पोचलाय त्याला गुरू कशाला हवा? म्हणजे ज्याला निवाडा करायचाय त्याच्याकडेच निवाड्याचं साधन नाही. परंपरेने या अडचणीवर काढलेला व्यवहारी मार्ग म्हणजे बाहेरच्या खुणांवरून आतल्याचा अंदाज बांधणं. मग कुठल्या खुणा चालतील, कुठल्या नाहीत, यावर भांडणं झाली. बहिणाबाईंचं आत्मनिवेदन म्हणजे अशाच एका भांडणाची एका बाजूची कैफियत आहे, असं माझं वाचन आहे.

कथा थोडक्यात अशी. वेरूळजवळच्या देवगावात, ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरात बहिणाचा जन्म. तिच्याहून वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी, गंगाधर पाठकाशी, लहानपणीच लग्न. कर्जापायी सगळ्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं आणि फिरत फिरत ते कोल्हापूरला आले. तिथे जयरामस्वामींची कीर्तनं चालत आणि त्यांत तुकोबांचे अभंग म्हटले जात. बहिणा तेव्हा अकरा-बारा वर्षांची. दान मिळालेल्या गायीचं वासरू तिच्या मागेमागे कीर्तनाला जाई. त्यावरून गावात बोलबाला झाला, नवऱ्याने तिला बेदम मारलं, वासरू मेलं. पुढे तुकोबांनी स्वप्नात येऊन तिला मंत्र दिला. ब्राह्मण बायकोने शूद्र गुरू केला म्हणून नवरा संतापला आणि तिला सोडून निघायची भाषा करू लागला. मग तो स्वतःच महिनाभर आजारी पडला, त्याचं मन पालटलं आणि सगळे देहूला गेले. तिथे मंबाजी गोसावी आडवे आले.

आता हे प्रसंग ‘भक्तीने जातीवर मात केली’ या चौकटीत बसवून पुढे जाता येतं. बहुतेक लेख तेच करतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. कारण या मजकुरातली प्रत्येक व्यक्ती गुरू ओळखायची वेगळी कसोटी घेऊन उभी आहे, आणि बहिणाबाई त्या कसोट्या एकेक करून हाताळतात.

नवऱ्याची कसोटी सरळ आहे: जन्म. मंबाजींची जास्त तयारीची आहे. पाठक कुटुंबाने आपलं शिष्यत्व घ्यावं असं त्यांना वाटत होतं. ‘आम्हाला गुरू आधीच मिळालाय’ असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी दोन हरकती घेतल्या. शूद्र ब्राह्मणाचा गुरू होऊ शकत नाही ही एक. आणि स्वप्नात मिळालेला उपदेश म्हणजे दीक्षाच नव्हे ही दुसरी. पहिली हरकत आज आपण झटकून टाकतो आणि ते बरोबरच आहे. दुसरीपाशी मात्र थांबायला हवं, कारण ती मूर्खपणाची नाही. स्वप्नाला साक्षीदार नसतो. उद्या कुणीही उठून म्हणेल की मला अमक्याने स्वप्नात मंत्र दिला, तर ते खोडायचं कसं?

गंमत म्हणजे हाच बाण तुकोबांनाही लागतो. त्यांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला. ते स्वतः सांगतात की गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं आपण स्वप्नात विसरून गेलो. (मला ही जागा फार आवडते. दीक्षेच्या क्षणी शिष्याच्या हातून झालेली चूक कुणी मुद्दाम रचेल असं वाटत नाही. पण ‘वाटत नाही’ हा पुरावा नव्हे, हेही कबूल.) म्हणजे बाबाजींकडून तुकोबांकडे एक स्वप्न आणि तुकोबांकडून बहिणाकडे दुसरं, अशी ही साखळी आहे.

या आक्षेपाला बहिणाबाईंचं उत्तर त्यांच्या मांडणीत आहे. अभंगांत त्या गुरुपरंपरा देतात: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव, मग सच्चिदानंद, विश्वंभर, राघव, केशव, बाबाजी आणि तुकोबा. ज्याच्या दीक्षेवर शंका आहे त्याने आधी आपली वंशावळ पुढे ठेवावी, तसं हे आहे. पण ही यादी वहीवर मांडून बघा. ज्ञानदेवांची समाधी 1296 ची, तुकोबांचं स्वप्न साधारण 1640 च्या आसपासचं. मध्ये सुमारे 340 वर्षं आणि दुवे फक्त सहा, म्हणजे एका दुव्याला जवळजवळ 57 वर्षं. एका पिढीला तीस वर्षं धरली तरी निम्म्याच्या आसपास दुवे गायब आहेत. त्यात केशव चैतन्य आणि बाबाजी ही एकाच व्यक्तीची दोन नावं, असं मानणारेही आहेत. तसं धरलं तर अंतर आणखी वाढतं. तेव्हा इतिहासाचा दाखला म्हणून ही परंपरा टिकत नाही. दावा म्हणून मात्र ती मोलाची आहे. 17 व्या शतकात गुरूचं खरेपण सिद्ध करायला नावांची साखळी लागत होती, आणि वारकरी बाईला आपली साखळी थेट नाथपंथापर्यंत न्यावीशी वाटली, हे त्यातून नक्की कळतं.

पण बहिणाबाईंचा खरा भर साखळीवर नाही, क्रमावर आहे. आधी शब्द आले: कीर्तनात ऐकलेले अभंग, आणि ज्याचे ते शब्द त्याला भेटायची तळमळ. मग स्वप्न. मग देहूला प्रत्यक्ष माणूस, आणि स्वप्नात पाहिलेलीच मूर्ती समोर दिसल्याची खूण. म्हणजे स्वप्न हा त्यांच्या निवाड्याचा पायाच नाही. पाया म्हणजे जे म्हणतो ते ज्याच्या वागण्यात उतरलंय असा माणूस. स्वप्न हा मधला दुवा. याच बहिणाबाईंनी ‘वज्रसूची’ हा ब्राह्मण कोणाला म्हणावं याची चिकित्सा करणारा संस्कृत ग्रंथ मराठी अभंगांत आणला, हे इथे आठवायला हवं. देह, जन्म, जात यांपैकी कशानेही ब्राह्मण ठरत नाही, ब्रह्म जाणणारा तो ब्राह्मण, असा त्याचा निष्कर्ष. तो मान्य केला की नवऱ्याची आणि मंबाजींची पहिली हरकत आपोआप उलटते. हे अभंग आणि आत्मनिवेदन वेगवेगळे शिकवले जातात, त्यामुळे हा धागा सुटतो.

शब्दावरून माणूस ओळखायची ही कसोटी तरी पक्की आहे का? नाही. आपले अभंग स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोबद्दल तुकोबांनीच तक्रार केली आहे. 1936 च्या प्रभातच्या चित्रपटामुळे तो आपल्याला खलनायक म्हणून माहीत असतो. कोल्हापुरात बसलेल्या मुलीला अभंग खरा वाटला तरी तो कुणाचा हे तिला कसं कळणार? म्हणून शब्दाला वागण्याची जोड लागते आणि म्हणून देहूला जावं लागतं. तिथे राहून तिने तुकोबांना रोजच्या जगण्यात पाहिलं, मंबाजींचा त्रास होत असतानाही पाहिलं. दूरच्या भक्ताला हे मिळत नाही.

चमत्कारांचं काय? आत्मनिवेदनात ते आहेत. वासराचा प्रसंग आहे. मंबाजींनी गायीला मारलं आणि वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, हाही आहे. याच काळात समर्थ रामदास दासबोधाच्या पाचव्या दशकात सांगत होते की करामती दाखवणाऱ्यालाही लोक गुरू म्हणतात, पण तो मोक्ष देणारा सद्गुरू नव्हे. शिष्याला साधनाला न लावणारा, इंद्रियं आवरायला न शिकवणारा गुरू त्यांनी कवडीमोल ठरवला आहे. या मापाने बहिणाबाईंचा वळांचा पुरावा बाद होतो. मला वाटतं, चमत्कार त्यांनी स्वतःची खात्री पटावी म्हणून दिलेले नाहीत. त्यांची खात्री आधीच झाली होती. ते दिलेत ऐकणाऱ्यांसाठी, ज्यांना शब्द आणि वागणं पुरत नाही त्यांच्यासाठी. हा अंदाज आहे, प्रबंधात लिहिताना तसंच म्हणावं लागेल.

आता स्रोत म्हणून या मजकुराच्या मर्यादा. मंबाजींनी पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना पत्र लिहिलं आणि त्यात शूद्र कीर्तन करतो, ब्राह्मण त्याच्या पाया पडतात अशी तक्रार केली, असं बहिणाबाई सांगतात. पत्राचा आशयही देतात. पण विरोधकाने तिसऱ्याला लिहिलेलं पत्र त्यांनी वाचलं कधी? ऐकीव असणार, किंवा मंबाजी तोंडाने जे बोलत असतील त्यावरून रचलेलं. म्हणून ‘मंबाजींच्या पत्रात म्हटलं आहे’ असं लिहू नका. ‘बहिणाबाईंच्या सांगण्यानुसार’ असं लिहा. तरीही महिपतींच्या 1762 च्या ‘भक्तविजया’पेक्षा या साक्षीचं वजन जास्त आहे, कारण ही बाई देहूत होती आणि महिपती शंभरेक वर्षांनंतरचे.

दुसरी मर्यादा जास्त बोचणारी आहे. नवऱ्याचं मन पालटणं हा बहिणाबाईंच्या निवाड्यातला मोठा आधार आहे. गुरू खरा, म्हणूनच विरोधक वळला. पण ते न घडतं तर? नवरा खरंच सोडून जाता, तर तुकोबा खोटे ठरले असते का? आजारपणाच्या काळात त्या ठरवतात की नवऱ्याची सेवा हाच आपला धर्म, त्यापुढे बाकी सगळं गौण. म्हणजे गुरूच्या निवडीवर आपण ठाम आहोत म्हणणारी बाई त्या क्षणी ती निवड बाजूला ठेवायला तयार होते, आणि मग नवऱ्याची संमती येऊन पेच सुटतो. अॅन फेल्डहाउस यांनी 1982 च्या लेखात पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधला हा ताण नेमका टिपला आहे. माझा प्रश्न त्याच्या शेजारचा: जिला स्वतःच्या जिवावर कुठलाच निर्णय घेता येत नाही, तिने केलेला गुरूचा निवाडा स्वतंत्र कसा मोजायचा? या प्रकरणाचा मसुदा मी तीनदा लिहून फाडलाय. सध्या तरी मी ते वाक्य प्रश्नचिन्हासह तसंच ठेवलं आहे.