कोणत्या शंभराचे टक्के?

एका शाळेत आठवीच्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसण्याचा योग आम्हाला आला. विषय होता सूट आणि शेकडेवारी. शिक्षकांनी आदल्या दिवशी मुलांना घरून दुकानांची बिले आणायला सांगितले होते, आणि मुलांनी ती उत्साहाने आणली होती. कापडाची, किराण्याची, औषधांची, चपलांची अशी तीसएक बिले जमली. पुस्तकातली उदाहरणे सोडून खरी बिले वर्गात आणावीत असे आपण सारेच म्हणतो. या शिक्षकांनी ते केले होते, म्हणून त्या तासाचे आम्हाला कौतुकच आहे. तरीही तास संपताना एक महत्त्वाची गोष्ट हातातून निसटली असे वाटले. ती कोणती, आणि का निसटली, त्याबद्दल हे टिपण.

पहिली वीस मिनिटे ठीक गेली. फळ्यावर उदाहरण होते : शर्टाची छापील किंमत १४०० रुपये, सूट शेकडा २५, तर विक्री किंमत किती? शंभराला २५, तर १४०० ला ३५०. वजा जाता १०५० रुपये. मुलांनी हे भराभर केले. मग गटागटाने बिले तपासणे सुरू झाले. योगायोगाने एका गटाकडे अगदी असेच शर्टाचे बिल होते. छापील किंमत १४००, सूट ३५०, भरायचे १०५०. त्याखाली बारीक अक्षरांत तीन ओळी होत्या : करपात्र मूल्य १०००.००, सीजीएसटी २.५ टक्के २५.००, एसजीएसटी २.५ टक्के २५.००.

गटातल्या एका मुलीने ताबडतोब हिशोब केला. कर एकूण ५ टक्के. शर्ट १०५० चा. म्हणजे कर ५२ रुपये ५० पैसे व्हायला हवा. बिलावर तर ५० च आहे. ती उभी राहून म्हणाली, "सर, दुकानदारानं अडीच रुपये कर कमी लावलाय."

सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बिल संगणकावर केलेलं असतं, ते बरोबरच असणार. कराचं तुम्हाला दहावीत आहे. आपण आज फक्त सूट पाहायची." मुलगी खाली बसली. तास पुढे सरकला.

सरांचे म्हणणे अभ्यासक्रमाला धरूनच होते. बालभारतीच्या २०१८ सालच्या आठवीच्या पुस्तकात 'सूट व कमिशन' हे प्रकरण आहे, आणि वस्तू व सेवा कराचे गणित दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' या प्रकरणात येते. पण मुलाच्या हातातल्या बिलाला ही विभागणी ठाऊक नसते. एकाच चिठ्ठीवर सूटही असते आणि करही. शिवाय त्या मुलीची अडचण कराच्या कायद्यातली नव्हतीच. ती शेकडेवारीतली होती, आणि आठवीच्या धड्याचा गाभा नेमका तोच होता.

तिचे चुकले कुठे? तयार कपड्यांच्या छापील किमतीत सर्व कर आधीच धरलेले असतात. लेबलावर 'सर्व करांसहित' असे लिहिलेलेही असते. सूट दिल्यावर उरलेल्या १०५० रुपयांतही कर मिसळलेलाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर हा कर ५ टक्के आहे. पण तो ५ टक्के कशाचा? कर मिळवण्यापूर्वीच्या मूल्याचा. ते मूल्य १०० धरले, तर कर ५ आणि ग्राहकाने द्यायचे १०५. म्हणजे १०५० रुपये हे १०५ भाग झाले. एक भाग १० रुपयांचा. शंभर भाग १००० रुपये, पाच भाग ५० रुपये. बिल बरोबर आहे.

आता गंमत पाहा. फळ्यावरच्या पहिल्या गणितात हेच १०५० रुपये '७५' होते, कारण तिथे छापील किंमत १०० होती. दुसऱ्या गणितात तेच १०५० रुपये '१०५' झाले, कारण आता करपात्र मूल्य १०० आहे. रक्कम एकच, पण शंभर बदलला की तिचे टक्के बदलतात. शेकडेवारीत शिकण्यासारखे जे आहे ते हेच. बाकीचा गुणाकार-भागाकार मुलांना पाचवी-सहावीपासून येतो.

सूट हा विषय शेकडेवारीसाठी सोयीचा वाटतो, पण त्याच्यात एक खोट आहे. सुटीच्या गणितात शंभर कोणता हे विचारावेच लागत नाही. तो नेहमी छापील किंमत हाच असतो, आणि ती किंमत उदाहरणात पहिल्यांदाच दिलेली असते. त्यामुळे मुलांना 'समोर दिसेल त्या रकमेचे टक्के काढायचे' अशी सवय लागते. वीस उदाहरणे बरोबर येतात, पूर्ण गुण मिळतात, आणि सवय पक्की होते. ती चुकीची आहे हे उलटे गणित आल्यावरच कळते. त्याच तासाला आम्ही शेजारच्या दोन मुलांना विचारले, "शेकडा २५ सूट मिळून शर्ट १०५० ला पडला, तर छापील किंमत किती?" दोघांनी १०५० चे २५ टक्के काढून मिळवले आणि १३१२ रुपये ५० पैसे असे उत्तर दिले. फळ्यावर १४०० हा आकडा अजून पुसलेला नव्हता! कराच्या बाबतीत त्या मुलीने केलेली चूक आणि ही चूक एकच आहे.

अशा वेळी 'चूक' म्हणून सूत्र सांगण्यापेक्षा उत्तर उलट फिरवून तपासायला लावावे. कर ५२.५० असेल, तर मूळ मूल्य १०५० वजा ५२.५० म्हणजे ९९७.५० झाले. आता ९९७.५० चे ५ टक्के काढा. ते येतात ४९ रुपये ८७ पैसे आणि वर थोडे. ५२.५० येत नाहीत. म्हणजे कुठेतरी गडबड आहे हे मूल स्वतःच पाहते. १००० आणि ५० ही जोडी मात्र तपासणीत टिकते. 'संगणक बरोबरच असणार' या उत्तराची मग गरज उरत नाही.

ही तपासणी झाल्यावर फळ्यावर दोन पट्ट्या काढाव्यात. पहिली पट्टी १४०० ची, तिचे चार सारखे भाग. प्रत्येक ३५० चा. एक भाग सूट, तीन भाग उरले. खाली दुसरी पट्टी, त्या उरलेल्या तीन भागांइतकीच लांब, १०५० ची. पाच टक्के म्हणजे मूल्याच्या वीस भागांमागे एक भाग कर. म्हणून या पट्टीचे वीस नव्हे, एकवीस भाग करायचे. वीस भाग मूल्य, एकविसावा कर. १०५० भागिले २१ बरोबर ५०. मुलीने विसावा भाग काढला होता, काढायला हवा होता एकविसावा. पट्ट्यांवरून छापील किंमत शोधणेही सोपे होते. उरलेले तीन भाग १०५० चे, म्हणजे एक भाग ३५० चा. मूळ किमतीला पोचायला १०५० मध्ये त्यांचा एक तृतीयांश मिळवावा लागतो. वरून खाली येताना २५ टक्के, खालून वर जाताना साडेतेहेतीसच्या जवळ, नेमके सांगायचे तर सवातेहेतीसच्या किंचित वर : ३३ पूर्णांक १/३ टक्के.

हेच बिल आणखी एक प्रश्न सोडवते. दुकानांवर '२० टक्के + १० टक्के सूट' अशा पाट्या असतात, आणि मुले ती ३० टक्के समजतात. हजाराच्या वस्तूवर पहिली सूट २००, उरले ८००. दुसरी सूट या ८०० वर मोजतात, म्हणून ८०. एकूण सूट २८०, म्हणजे २८ टक्के. 'टक्क्यांची बेरीज करायची नसते' असे यावर बरेच शिक्षक सांगून टाकतात. पण शर्टाच्या बिलावर सीजीएसटी २.५ आणि एसजीएसटी २.५ यांची बेरीज ५ टक्के अशी बिनदिक्कत होते! तिथे का चालते? कारण केंद्राचा आणि राज्याचा कर दोन्ही एकाच हजारावर मोजलेले आहेत. शंभर एकच असेल तर टक्के मिळवता येतात. पहिल्या टक्क्यांनी दुसऱ्याचा शंभर बदलला असेल तर येत नाहीत. हा फरक मुलांना त्यांच्याच बिलावरून काढता येतो, तो नियम म्हणून पाठ करावा लागत नाही.

खरी बिले वापरताना दोन अडचणी येतात, त्यांची तयारी शिक्षकांनी आधी ठेवावी. पहिली पैशांची. त्या वर्गात दुसऱ्या एका गटाकडे ९९९ रुपयांचे बिल होते. ९९९ चे शंभर भाग काढले की मूल्य ९५१.४३ येते आणि प्रत्येक कर २३.७९. तिघांची बेरीज ९९९.०१! तिन्ही आकडे जवळच्या पैशावर नेल्यामुळे एक पैसा जास्त झाला. बिलावर तो 'राउंड ऑफ' या ओळीत वळता केलेला असतो, किंवा मूल्यात एक पैसा कमी दाखवलेला असतो. एकदोन पैशांचा फरक पूर्णांकनाचा, आणि रुपयांचा फरक आला तर शंभर चुकला, अशी साधी खूण मुलांना द्यावी.

दुसरी अडचण बिलाच्या प्रकाराची. उपाहारगृहाच्या बिलावरही बहुधा ५ टक्के कर असतो, पण तिथे पदार्थांच्या दरपत्रकातल्या किमतीवर कर वरून लावतात. १००० चे खाल्ले की १०५० भरायचे. इथे समोर दिसणारी बेरीज हीच शंभर असते, आणि त्या मुलीची रीत इथे अचूक उत्तर देते. ही दोन बिले शेजारी शेजारी ठेवली, तर कर आत की बाहेर हे आधी पाहिल्याशिवाय आकडेमोड सुरू करायची नाही, हे मुलांना आपोआप उमगते.

म्हणून आमची सूचना एवढीच, की या धड्यात प्रत्येक टक्क्यापुढे मुलांना एक शब्द लिहायला लावावा : 'कशाचे'. २५ टक्के, छापील किमतीचे. ५ टक्के, करपात्र मूल्याचे. १० टक्के, पहिल्या सुटीनंतर उरलेल्या रकमेचे. हा शब्द लिहिता आला नाही तर गणित पुढे न्यायचे नाही. उदाहरणे निम्मी झाली तरी चालतील.

तास संपल्यावर त्या मुलीने बिल घडी घालून वहीत ठेवले. दुकानदाराने कर चुकवला, असे समजूनच ती बहुधा घरी गेली असेल. तिची शंका खोटी ठरली असती, पण ती घेण्याइतके गणित तिने केले होते. पाच मिनिटे त्या बिलाला दिली असती, तर सगळ्या वर्गाला शेकडेवारी कळली असती, आणि एका दुकानदारावरचा नाहक आळही टळला असता.