मृतदेह पहिल्या ओळीत, नाव तीन महिन्यांनी

पोलीस तपासाच्या कादंबऱ्यांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: ‘यात गोष्ट कमी आणि फाइल जास्त.’ तक्रार खोटी नाही. पण फाइल नेमकी कुठे कंटाळवाणी होते आणि कुठे तीच गोष्ट बनते, हे बघायचं असेल तर ‘रोझॅना’ वाचावी. माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्याची ही १९६५ची कादंबरी. मार्टिन बेक या पोलिसाला घेऊन त्यांनी लिहिलेल्या दहा पुस्तकांतली पहिली.

योता कालव्यातला गाळ काढताना मोतालाजवळ एका तरुणीचा मृतदेह सापडतो. हे आपल्याला पहिल्याच वाक्यात कळतं. त्यानंतर लेखक चक्क गाळ काढणाऱ्या यंत्राची सरकारी कूळकथा सांगायला लागतात. ते काम कुणाच्या अखत्यारीत येतं, कागद कुठून कुठे फिरले, वगैरे. हीच माहिती मृतदेहाच्या आधी आली असती तर अनेकांनी पुस्तक तिथेच मिटलं असतं. पण मृतदेह समोर आहे, त्यामुळे प्रत्येक कागद आपल्याला अडथळ्यासारखा टोचतो. तपशील तोच, पण प्रश्न आधी आला आणि तपशील नंतर, म्हणून तो चालतो.

आता मुख्य अडचण. ही मुलगी कोण, हेच कुणाला माहीत नाही. कुणी हरवल्याची तक्रार नाही, अंगावर कपडे नाहीत. जवळपास तीन महिने तपास जागच्या जागी असतो. बेकला सर्दी होते, पोट बिघडतं, मोतालाला खेपा होतात. मग अमेरिकेतून कळतं की ती नेब्रास्कातल्या लिंकन शहरातली रोझॅना मॅकग्रॉ, ग्रंथालयात काम करणारी. एवढी वाट बघितल्यामुळे ते नाव आपल्यालाही कमावल्यासारखं वाटतं. ते दुसऱ्या प्रकरणातच मिळालं असतं, तर ती नुसती एक माहिती ठरली असती.

ती ‘डायना’ नावाच्या बोटीवर होती. बोटीवर एकूण ८५ माणसं, आणि त्यातली बरीचशी आता आपापल्या देशांत परतलेली. इथे लेखक खरं पोलिसी काम दाखवतात. प्रवाशांना गाठायचं, त्यांनी काढलेले फोटो आणि घरगुती फिल्म मागवायच्या आणि त्यात रोझॅना कुठे, कुणासोबत दिसते ते शोधायचं. सॉफ्टवेअरमध्ये लॉग चाळताना असंच असतं. हजार ओळी निरुपयोगी असतात, पण त्या बघितल्याशिवाय कामाची ओळ सापडत नाही. फरक एवढाच की कादंबरीकाराने वाचकाला हजार ओळी वाचायला लावायच्या नसतात. शोवाल-वालो कामाचा आकार सांगतात, दोन-चार नमुने दाखवतात आणि थेट त्या फिल्मपाशी आणतात.

याच पुस्तकात कागदपत्रांचा सगळ्यात चांगला उपयोग जबाबांत झालाय. रोझॅनाची मैत्रीण आणि पूर्वीचा प्रियकर यांच्या अमेरिकेत झालेल्या चौकशा आपल्याला प्रश्नोत्तरांच्या रूपातच वाचायला मिळतात. मध्ये लेखकाचं भाष्य नाही. तोवर जी फक्त मृतदेह होती, तिच्या सवयी, तिचा एकटेपणा, तिची मतं आता दिसायला लागतात. इथे फाइलच व्यक्तिचित्रण करते. एड मॅकबेनच्या ‘कॉप हेटर’मध्ये (१९५६) पिस्तुलाच्या परवान्यासारखे कागद छापील रूपात येतात. ते बघायला मजा येते आणि वातावरण तयार होतं, पण तेवढंच. माणूस उलगडतो तो रोझॅनाच्या जबाबांत.

मात्र हाच काटेकोरपणा शेवटी लेखकांवर उलटतो. संशयित सापडतो, पण पुरावा पुरत नाही. तेव्हा पोलीस एका महिला सहकाऱ्याला आमिष म्हणून त्याच्यासमोर उभं करतात. पाळतीचे तपशील इथेही भरपूर आहेत. त्याचे ठरलेले रस्ते, ठरलेल्या वेळा, काहीच न घडणारे दिवस. भीती खरोखर वाढते, कारण मदत वेळेवर पोचेल का हे आपल्याला माहीत नसतं. पण ८५ माणसं एकेक करून मोजणारे पोलीस अचानक एका अंदाजावर सहकाऱ्याचा जीव लावतात, हे पटवून देणं राहून जातं. तपशिलांची दाटी त्या कच्च्या सांध्यावर पांघरूण घालते. कथेला नुसतं संथ करणाऱ्या तपशिलापेक्षा हा तपशील जास्त घातक, कारण तो खरा वाटतो.

म्हणून अशी कादंबरी वाचताना मी एक साधी कसोटी लावतो. हा तपशील काढला तर पुढचा कुणाचा तरी निर्णय बदलेल का? फिल्म काढली तर तपास थांबतो. जबाब काढले तर रोझॅना पुन्हा अनोळखी होते. बेकची सर्दी काढली तर तपासात काहीच बदलत नाही, पण ते तीन महिने हलके होतात आणि तिच्या नावाचं वजन कमी होतं. कसोटीला हा एक अपवाद मी आनंदाने मान्य करतो.