‘मी आहे’ की ‘मी असेन’? निर्गम ३:१४ आणि मराठीची अडचण

सुट्टीत गावाकडे आलो की वारंगा फाट्यावर उतरतो. नांदेडहून निघताना काकांना फोन केला, तर ते म्हणाले, “तू ये, मी हाय ना फाट्यावर.” खरं तर ते तेव्हा घरीच होते! वाक्य वर्तमानकाळातलं, पण त्याचा अर्थ ‘तू पोचशील तेव्हा मी तिथे असेन’ असा. बसमध्ये बसल्या बसल्या लक्षात आलं, की माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा गुंता नेमका इथेच आहे.

गोष्ट माहितीची आहे. जळतं झुडूप, पण ते भस्म होत नाही. मोशे देवाला त्याचं नाव विचारतो आणि उत्तर मिळतं: ‘एह्ये अशेर एह्ये’. मराठीत हे बहुधा ‘मी आहे तो आहे’ असं वाचायला मिळतं. ते चूक नाही, पण त्यात काहीतरी सुटतं.

‘एह्ये’ हे ‘हाया’ धातूचं प्रथमपुरुषी अपूर्ण रूप. ‘हाया’ म्हणजे असणं, आणि होणं, घडणंसुद्धा. अपूर्ण रूपात भविष्य येतं, आणि चालू राहणारी किंवा पुन्हा पुन्हा घडणारी क्रियाही येते. नुसतं ‘मी अमुक आहे’ म्हणायला हिब्रूला क्रियापद लागतच नाही. त्याच अध्यायातलं ६वं वचन बघा. देव आपली ओळख ‘तुझ्या पित्याचा देव’ अशी करून देतो, आणि तिथे ‘आहे’ हा शब्द नाही. मग १४व्या वचनात क्रियापद मुद्दाम का आणलं?

उत्तर दोन वचनं आधी आहे. मोशे घाबरलाय. फारोपुढे जाणारा मी कोण, असं तो विचारतो. १२व्या वचनात देव त्याला सोबतीचा शब्द देतो, आणि तिथलं क्रियापदही ‘एह्ये’च आहे. म्हणजे १४वं वचन हे त्याच आश्वासनाचं नाव झालं. प्रचलित मराठीत मात्र १२व्यात ‘असेन’ आणि १४व्यात ‘आहे’ येतं. हिब्रू वाचणाऱ्याला एकच शब्द दोनदा ऐकू येतो, आपल्याला दोन वेगळे. धागा तुटतो तो इथे.

हा प्रश्न जुनाच आहे. ग्रीक सेप्तुआगिंतने ‘मी असणारा आहे’ अशा अर्थाचं रूप घेतलं आणि वचन अस्तित्वाच्या तत्त्वज्ञानाकडे वळलं. लॅटिन वुल्गाताने वर्तमान ठेवला. लूथरने जर्मनमध्ये दोन्हीकडे भविष्यकाळ वापरला.

मग मराठीत सरळ ‘मी असेन तो असेन’ करावं का? माझा पहिला मसुदा असाच होता. त्यात दोन अडचणी आल्या. एक म्हणजे मराठीत ‘असेल’ अंदाजाचंही असतं. ‘तो घरी असेल’ म्हणजे बहुतेक आहे, खात्री नाही. देवाच्या तोंडी असा अंदाज चालणार नाही. दुसरी अडचण जास्त गंमतीची. ‘असेल ते असेल’, ‘जाईन तिथे जाईन’ असं आपण कधी म्हणतो? समोरच्याला उडवून लावायचं असतं तेव्हा. काही अभ्यासक या वचनात हाच सूर ऐकतात: देव नाव सांगायला नकार देतोय. ३३:१९मध्येही अशीच द्विरुक्त रचना आहे, आणि तिथे कृपा कोणावर करायची हे देव स्वतःच्या हाती ठेवतो. म्हणून हा सूर पूर्णपणे नाकारता येत नाही. पण नुसता नकार धरला तर १२वं वचन लोंबकळत राहतं.

‘असतो’ घ्यावं, तर सातत्य येतं, पण मराठीला लगेच पुल्लिंग ठरवावं लागतं. ‘एह्ये’ला लिंग नाही, आणि ‘आहे’, ‘असेन’ यांनाही नाही. (जोडीचा ‘तो’ मात्र लिंग आणतोच. त्यातून सुटका नाही.)

माझं सध्याचं मत असं: १४वं वचन बदलण्यापेक्षा १२वं बदलावं. तिथे ‘मी तुझ्याबरोबर आहे’ म्हणावं. इंग्रजीत असा वर्तमान फक्त स्थिती सांगेल. मराठीत ‘घाबरू नको, मी आहे ना’ हे पक्कं वचन असतं, आणि पुढच्या वेळेचंही असतं. मग १४व्यातलं ‘मी आहे’ आपोआप त्याच सुरात ऐकू येईल.

यात तोटाही आहे. ‘कसा असेन ते पुढे कळेल’ हा हिब्रूतला मोकळेपणा कमी होतो. त्यासाठी ‘असेन’ हा पर्याय तळटीपेत द्यावाच लागेल. १५व्या वचनातला दुवा तर तरीही हरवतो. तिथे येणारं चार अक्षरी नाव याच धातूशी जोडलेलं आहे, जणू ‘तो आहे’. आपण त्या जागी ‘परमेश्वर’ वाचतो, आणि त्यात ‘असणं’ कुठेच ऐकू येत नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषा शिकून बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणून. तीच कसोटी इथे लावून बघतोय. काकांना विचारलं, “‘मी हाय ना’ म्हणजे आत्ता की नंतर?” ते म्हणाले, “तू उतरलास तवा होतो का नाही?”

होते.